एक पदार्थ, दोन वाटा : तुसाचा कोळसा की डांबर?

१. तुसाच्या ढिगाजवळ

रायपूर व त्याच्या भोवतालचा छत्तीसगडचा मैदानी प्रदेश धानाच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. या भागातील राईस मिलमध्ये धान भरडले म्हणजे तांदळाबरोबर कोंडा व तूस वेगळे होतात. शंभर किलो धानातून साधारणपणे वीस किलो तूस निघते. उसना तांदूळ तयार करण्यासाठी लागणारी वाफ पुष्कळ ठिकाणी हेच तूस बॉयलरखाली जाळून मिळवितात.

बॉयलरच्या भट्टीत तूस टाकले की क्षणार्धात ज्योत उठते. हेच तूस आवाराच्या कोपऱ्यात ढीग करून एका बाजूने पेटविले, तर ज्योत दिसत नाही. ढीग दोनदोन दिवस आतल्या आत धुमसत राहतो आणि पोटात काळ्या तुसाचा साठा तयार होतो. पदार्थ एकच, परंतु एकीकडे बहुतेक भाग वाफ होऊन ज्योतीत गेला आणि दुसरीकडे त्याचा बराचसा भाग कोळशाच्या रूपाने मागे राहिला. हा फरक का पडावा? हवा कमीअधिक मिळाली, हे उत्तर अपुरे आहे. कारण हवा मुळीच लागू न देता, बंद नळीत तूस तापविले तरीही मंद तापात कोळसा जास्त आणि प्रखर तापात वाफा जास्त, असाच अनुभव येतो.

या फरकाचे मूळ तुसातील सेल्युलोज या घटकात शोधता येते. गवत, लाकूड, कापूस यांच्या पेशींच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्याच असतात. तो तापविला असता एकाच वेळी दोन निरनिराळ्या रीतींनी मोडतो. पहिल्या रीतीने त्याच्या लांब साखळ्या तुटून लेव्होग्लुकोसान व तत्सम पदार्थांच्या वाफा होतात. थंड झाल्यावर त्यांचेच डांबर बनते. दुसऱ्या रीतीने साखळ्यांतून पाणी व कार्बन डायॉक्साइड निघून जातात आणि कोळसा उरतो. एकाच पदार्थापासून एकाच वेळी निघणाऱ्या अशा दोन विक्रियांना समांतर विक्रिया म्हणतात.

२. दोन नळांचा हौद

एखाद्या विक्रियेचा वेग शिल्लक असलेल्या पदार्थाच्या प्रमाणात असेल, तर ती प्रथम कोटीची विक्रिया होय. पदार्थ निम्मा उरला की वेगही निम्मा होतो. वेग आणि शिल्लक पदार्थ यांना जोडणाऱ्या संख्येस वेगस्थिरांक म्हणतात व तो k या अक्षराने दाखवितात.

आता पाण्याच्या एका हौदाची कल्पना करावी. त्याच्या तळाशी दोन बारीक नळ्या बसविल्या आहेत आणि प्रत्येक नळीतून वाहणारे पाणी हौदातील पाण्याच्या उंचीच्या प्रमाणात आहे. एक नळी थोडी रुंद, दुसरी थोडी अरुंद. हौद किती वेगाने रिकामा होईल? उघडच दोन्ही नळ्यांच्या प्रवाहांची बेरीज करावी लागेल. सेल्युलोजचेही असेच आहे. शिल्लक सेल्युलोज M, डांबराच्या वाटेचा वेगस्थिरांक k₁ आणि कोळशाच्या वाटेचा k₂ मानला, तर

−dM/dt = k₁M + k₂M = (k₁ + k₂)M

म्हणजे सेल्युलोज नाहीसा होण्याची एकूण क्रियादेखील प्रथम कोटीचीच असते आणि तिचा वेगस्थिरांक k = k₁ + k₂ एवढा असतो. पदार्थ निम्मा होण्यास लागणारा काळ, म्हणजे अर्धायुष्य, ०.६९३ ला k ने भागून मिळतो.

येथे एक चूक वारंवार होते. डांबर k₁ च्या गतीने वाढत असेल आणि कोळसा k₂ च्या गतीने, म्हणून दोघांचे अर्धायुष्यही वेगवेगळे असले पाहिजे, असे वाटते. हौदाकडे पाहिले की ही समजूत टिकत नाही. दोन्ही नळ्यांना पाणी पुरविणारा हौद एकच आहे. त्याची पातळी निम्मी झाली की दोन्ही प्रवाह एकदमच निम्मे होतात. रुंद नळी लवकर थांबली आणि अरुंद नळी मागून चालू राहिली, असे कधीच घडत नाही. म्हणून दोन्ही पदार्थांची वाढ त्याच एका k ने ठरते. K₁ आणि k₂ यांवरून केवळ कोणाच्या वाट्याला किती, हे ठरते. आरंभीचा सेल्युलोज M₀ असता,

डांबर = (k₁/k) M₀ (१ − e^(−kt))
कोळसा व वायू = (k₂/k) M₀ (१ − e^(−kt))

या दोन ओळींचा भागाकार केला की काळ दर्शविणारा भाग उडून जातो आणि उरते k₁/k₂. समान उष्णतामानात विक्रिया एक मिनिट चालो की एक तास, दोन उत्पादांचे गुणोत्तर तेच राहते. अधिक वेळ थांबल्याने माल वाढेल, पण वाटणी बदलणार नाही.

३. सेल्युलोजचे आकडे

सेल्युलोजच्या या दोन वाटांचे मोजमाप अमेरिकेतील मोंटाना विद्यापीठात ब्रॅडबरी, साकाई व शफीझादेह यांनी केले आणि १९७९ मध्ये प्रसिद्ध केले. शुद्ध सेल्युलोज निर्वात जागेत, सुमारे २५९ ते ३४१ अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवून, त्याचे वजन कसे घटते हे त्यांनी पाहिले. त्यांच्या निष्कर्षांवरून ६०० केल्विनला, म्हणजे ३२७ अंश सेल्सियसला, k₁ सुमारे ०.००१८९ आणि k₂ सुमारे ०.००१०३ प्रति सेकंद येतो. त्यांची बेरीज ०.००२९२. यावरून अर्धायुष्य ०.६९३ ÷ ०.००२९२ = २३७ सेकंद, म्हणजे चार मिनिटांना थोडे कमी.

आता १०० ग्रॅम सेल्युलोज या उष्णतामानात ठेवला असे समजू. २३७ सेकंदांनी ५० ग्रॅम उरेल. मोडलेल्या ५० ग्रॅमपैकी ३२.४ ग्रॅम डांबराच्या वाटेने आणि १७.६ ग्रॅम कोळशाच्या वाटेने गेले असतील. आणखी तेवढाच वेळ गेल्यावर २५ ग्रॅम उरेल, डांबर ४८.५ ग्रॅम आणि दुसऱ्या वाटेचा माल २६.५ ग्रॅम होईल. दोन्ही वेळा भागाकार सुमारे १.८ येतो. शेवटपर्यंत थांबले तर वाटणी ६५ व ३५ अशी होईल.

दुसऱ्या वाटेने गेलेला सर्वच पदार्थ घन कोळसा होत नाही, हे ध्यानात ठेवावे. या संशोधकांच्या हिशेबाप्रमाणे त्या वाटेच्या दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम घन कोळसा उरतो. बाकीचे पाणी व वायू होत. तेव्हा वरील ३५ ग्रॅममधून प्रत्यक्ष हाती येणारा कोळसा सुमारे १२ ग्रॅम.

या उदाहरणातून मोजण्याची रीतही कळते. वजनाच्या घटीवरून शिल्लक सेल्युलोजचा हिशेब केला तर केवळ k कळतो, म्हणजे बेरीज. विक्रिया संपल्यावर दोन्ही उत्पादांचे वजन केले तर केवळ k₁/k₂ कळतो, म्हणजे भागाकार. एकट्या बेरजेवरून किंवा एकट्या भागाकारावरून दोन अज्ञात संख्या मिळत नाहीत. दोन्ही मापे हाती आली म्हणजे k₁ व k₂ वेगळे करता येतात.

४. उष्णतामान वाढले की वाटणी का बदलते

उष्णतामानाबरोबर वेगस्थिरांक कसा वाढतो याचा नियम स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ स्वांते आऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडला:

k = A e^(−E/RT)

E ही सक्रियण ऊर्जा होय. विक्रिया होण्यापूर्वी रेणूला जो चढ चढावा लागतो त्याची ती उंची मानता येईल. A हा त्या विक्रियेचा गुणक, T केल्विनमधील उष्णतामान आणि R हा वायुस्थिरांक. चढ जितका उंच, तितका उष्णतामानाच्या वाढीचा त्या वाटेला लाभ अधिक.

सेल्युलोजच्या डांबराच्या वाटेवरील चढ सुमारे १९८ किलोजूल प्रति मोल आहे; कोळशाच्या वाटेवरील सुमारे १५०. परंतु डांबराच्या वाटेचा गुणक A कोळशाच्या वाटेच्या सुमारे २४,६०० पट आहे. एका वाटेचा चढ कमी, पण तिचे द्वार अरुंद. दुसरीचा चढ मोठा, पण द्वार रुंद. थंडपणी चढाची उंची निर्णायक ठरते आणि कोळसा जिंकतो. ताप वाढत गेला की उंच चढही अनेक रेणूंना साध्य होतो आणि रुंद द्वाराचा प्रभाव पडून डांबर पुढे जाते. दोन वाटांचा भागाकार असा लिहिता येतो:

k₁/k₂ = (A₁/A₂) e^(−(E₁ − E₂)/RT)

या सूत्रात दोन चढांचा केवळ फरक, म्हणजे सुमारे ४७ किलोजूल, शिल्लक राहिला आहे. तो शून्य असता तर उष्णतामान कितीही बदलले तरी वाटणी बदलली नसती. पुढील कोष्टक याच आकड्यांवरून काढले आहे.

| उष्णतामान | k₁ (प्रति सेकंद) | k₂ (प्रति सेकंद) | अर्धायुष्य | डांबर : कोळसा व वायू |
|---|---|---|---|---|
| ५५० केल्विन (२७७° से.) | ०.००००५१२ | ०.००००६६१ | ९८ मिनिटे | ४४ : ५६ |
| ६०० केल्विन (३२७° से.) | ०.००१८९ | ०.००१०३ | ४ मिनिटे | ६५ : ३५ |
| ७०० केल्विन (४२७° से.) | ०.५४६ | ०.०७६४ | १.१ सेकंद | ८८ : १२ |

कोष्टकाची शेवटची ओळ प्रत्यक्ष मोजलेल्या मर्यादेबाहेरची आहे. ती सूत्र पुढे ताणून काढली असल्याने तिच्याकडे अंदाज म्हणूनच पाहावे. परंतु पहिल्या दोन ओळींवरूनही मुद्दा स्पष्ट होतो. पन्नास अंश वाढल्याबरोबर कोळशाची वाट सुमारे सोळा पट वेगवान झाली. ती मंदावली म्हणून मागे पडली नाही. डांबराची वाट त्याच वेळात सदतीस पट वेगवान झाली म्हणून मागे पडली. दोन्ही वाटा समसमान होण्याचे उष्णतामान सूत्रावरून सुमारे ५६४ केल्विन, म्हणजे २९१ अंश सेल्सियस येते. त्याखाली कोळशाची वाट वरचढ, त्यावर डांबराची.

५. एका रेषेचे वाकणे

एकाच विक्रियेचा वेगस्थिरांक निरनिराळ्या उष्णतामानांत मोजून, त्याचा लॉगॅरिथम आणि १/T यांचा आलेख काढला तर सरळ रेषा मिळते. तिच्या उतारावरून सक्रियण ऊर्जा कळते. समांतर विक्रियांत मात्र एकूण k चा असा आलेख सरळ येत नाही. कारण k ही दोन निरनिराळ्या उतारांच्या संख्यांची बेरीज आहे. प्रत्येक उष्णतामानात भासणारी सक्रियण ऊर्जा ही दोन्ही ऊर्जांची, त्यांच्या वाट्याप्रमाणे काढलेली सरासरी असते. सेल्युलोजसाठी ती ५५० केल्विनला सुमारे १७१, ६०० ला १८१ आणि ७०० ला १९२ किलोजूल प्रति मोल येते. आलेखाची रेषा उष्ण बाजूकडे अधिकाधिक तीव्र चढत जाते.

वाकण्याची ही दिशा महत्त्वाची आहे. टप्प्याटप्प्याने होणाऱ्या विक्रियांत सर्वांत मंद टप्पा एकूण वेग ठरवितो, म्हणून तेथे ताप वाढता उतार सौम्य होत जातो. वाफा बाहेर पडण्यास किंवा उष्णता आत शिरण्यास अडथळा असेल तरीही उतार सौम्यच होतो. समांतर विक्रियांत जी वाट वेगवान तीच एकूण वेगावर प्रभाव पाडते, म्हणून उतार वाढतो. थोड्याशा अंशांच्या मर्यादेत मोजमाप केले तर मात्र वक्र रेषाही सरळच भासते. अशा मापनावरून निघालेली एकच सक्रियण ऊर्जा दूरच्या उष्णतामानाला लावणे धोक्याचे ठरते.

जेथे उष्णतामानाचा प्रश्नच येत नाही असेही एक समांतर उदाहरण निसर्गात आहे. ग्रॅनाइटमधील पोटॅशियम–४० या किरणोत्सर्गी अणूचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. त्याच्या दर शंभर अणूंपैकी सुमारे ८९ कॅल्शियम–४० होतात आणि सुमारे ११ आर्गॉन–४० होतात. वाटा दोन, अर्धायुष्य एकच, हा नियम तेथेही तंतोतंत लागू पडतो. परंतु हा बदल अणुकेंद्रात घडत असल्यामुळे भट्टीच्या तापाचा त्यावर परिणाम होत नाही आणि वाटणी स्थिर राहते.

६. ढिगातील तूस आणि भट्टीतील तूस

आता पुन्हा रायपूरच्या राईस मिलकडे वळता येईल. धुमसणाऱ्या ढिगात आगीची सीमा हळूहळू पुढे सरकते. तिच्या पुढचे तूस तासन्‌तास अडीचशे ते तीनशे अंशांच्या खालच्या पट्ट्यात तापत राहते. तेथे कोळशाची वाट वरचढ आहे आणि वेळही भरपूर मिळतो. प्रखर ताप पोचेपर्यंत सेल्युलोजचा मोठा भाग कोळशाच्या वाटेने आधीच खर्ची पडलेला असतो. भट्टीत टाकलेला तुसाचा कण मात्र काही क्षणांतच हा पट्टा ओलांडतो. खालच्या पट्ट्यात अर्धायुष्य मिनिटांचे किंवा तासांचे असल्यामुळे तेथे फारसे काही घडत नाही. जे घडते ते वरच्या तापात, डांबराच्या वाटेने. त्या वाफा पेटल्या म्हणजे ज्योत दिसते आणि मागे उरलेला कोळसा जळतो तेव्हा निखारा दिसतो. कोळसा हवा असेल तर सावकाश तापवावे आणि वाफा हव्या असतील तर झटकन तापवावे, या जुन्या अनुभवाचे कारण हेच.

याची प्रत्यक्ष कसोटी १९७५ मध्ये ब्रॉयडो व नेल्सन यांनी अमेरिकेत घेतली. सेल्युलोज सरळ ३५० अंशांच्या सुमारास तापविला तेव्हा सुमारे १३ टक्के कोळसा उरला. तोच आधी २३० ते २७५ अंशांत बराच काळ ठेवून मग वर नेला, तेव्हा कोळसा २७ टक्क्यांपर्यंत वाढला. शेवटचा ताप तोच, पदार्थ तोच. फक्त खालच्या पट्ट्यात घालविलेला वेळ वेगळा.

७. मर्यादा, आणि त्या ओळखण्याची खूण

तूस म्हणजे शुद्ध सेल्युलोज नव्हे. त्यात लिग्निन असते, आणि तूस पूर्ण जळल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे एकपंचमांश राख उरते, ती बहुतांशी सिलिका असते. शिवाय पोटॅशियमचे क्षार थोड्या प्रमाणात असतात. ते कोळशाच्या वाटेला उत्तेजन देतात. तूस पाण्याने नीट धुऊन हे क्षार काढले की डांबराचा वाटा वाढतो. म्हणून वरील कोष्टक तुसाला जसेच्या तसे लावता येणार नाही. बदलाची दिशा मात्र तीच राहते. सेल्युलोजला तापाच्या आरंभी क्रियाशील अवस्थेत येण्यास थोडा वेळ लागतो, हेही मोंटानाच्या संशोधकांनी नोंदविले. कोष्टकातील अर्धायुष्य या अवस्थेनंतरचे आहे, आणि ५५० केल्विनच्या आसपास हा विलंब दुर्लक्षिण्याजोगा नसतो. गुणोत्तरावर मात्र त्याचा परिणाम होत नाही, कारण दोन्ही वाटा त्या अवस्थेनंतरच फुटतात.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. तुसाचा थर जाड असला तर आतील भाग भट्टीच्या तापमापकाइतका तापत नाही. बाहेर पडणाऱ्या डांबरी वाफाही वाटेतील तप्त कोळशावर पुन्हा मोडतात आणि त्यांतून आणखी कोळसा व वायू होतात. म्हणजे उत्पाद पुन्हा विक्रियेत ओढला जातो आणि विक्रिया केवळ समांतर राहत नाही. हे ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. पहिली: उष्णतामान स्थिर ठेवून निरनिराळ्या वेळी उत्पादांचे गुणोत्तर मोजावे, ते वेळेबरोबर बदलत गेले तर समांतर विक्रियेचे सूत्र तेथे अपुरे आहे. दुसरी: एक ग्रॅम व दहा ग्रॅम नमुन्यांचे गुणोत्तर ताडून पाहावे, ते निराळे आले तर मोजलेला फरक रसायनाचा नसून थराच्या जाडीचा आहे.

तुसावर चालणाऱ्या वायुजनक भट्टीत हा विचार प्रत्यक्ष उपयोगी पडतो. तेथे वायूबरोबर आलेले डांबर इंजिनाच्या झडपांवर साचून ती अडवून धरते. भट्टी अधिक वेळ चालविल्याने डांबराचे प्रमाण कमी होत नाही, कारण वेळ वाटणी बदलीत नाही. त्यासाठी तुसाचे आरंभीचे तापणे बदलावे लागते किंवा डांबरी वाफांना तप्त कोळशाच्या थरातून नेऊन मोडावे लागते. दुसरा उपाय म्हणजे वर सांगितलेली मापनातील अडचणच मुद्दाम उपयोगात आणणे होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एका उष्णतामानात k₁ = ०.००६ व k₂ = ०.००२ प्रति सेकंद आहे. अर्धायुष्य किती? ८० ग्रॅम पदार्थ पूर्ण मोडल्यावर दोन उत्पाद किती मिळतील? (उत्तर: सुमारे ८७ सेकंद, ६० व २० ग्रॅम.)

२. त्याच विक्रियेत फक्त पहिल्या उत्पादाची वाढ मोजली तर आलेखावरून कोणता वेगस्थिरांक मिळेल? (उत्तर: ०.००८ प्रति सेकंद. म्हणजे दोहोंची बेरीज.)

३. दोन वाटांच्या सक्रियण ऊर्जा समान असून गुणक भिन्न आहेत. उष्णतामान वाढविल्यास अर्धायुष्याचे काय होईल आणि उत्पादांच्या गुणोत्तराचे काय होईल? (उत्तर: अर्धायुष्य कमी होईल; गुणोत्तर तेच राहील.)